ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर मी एक नोटीस लावली आहे. तिच्यात तीनच वाक्यं आहेत: "ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. एका भांड्यात एका दिवशी दोन्हींपैकी एकच वापरा. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो." ती लावल्यापासून लोक जिन्यात थांबवून, फोनवर, चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारत आहेत. तेच तेच प्रश्न येऊ लागले म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी बरीच वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनच्या खोलीत काम केलं. या वायूचा वास आणि त्याची चाल जवळून पाहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१. ब्लीच म्हणजे नेमकं काय आणि ॲसिड म्हणजे नेमकं काय? घरातल्या कुठल्या बाटल्या धरायच्या?

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट (NaOCl) पाण्यात विरघळवलेलं द्रव. पांढऱ्या कपड्यांचे डाग काढायला जे पातळ, फिकट पिवळसर, तरणतलावासारखा वास येणारं द्रव मिळतं ते हेच. फरशी जंतुमुक्त करायला जे 'हायपो' म्हणून विकतात तेही हेच. करोनाच्या काळात जिने आणि कठडे याच द्रवाने फवारले होते आणि त्यातले उरलेले कॅन अजून कित्येक इमारतींच्या मीटररूममध्ये पडून आहेत. ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, याच घराण्यातली.

दुसऱ्या बाजूला संडासाच्या भांड्यावरचा पिवळा थर काढणारे घट्ट, निळे किंवा हिरवे क्लीनर. त्यांतल्या बहुतेकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड (HCl) असतं. हातगाडीवर किंवा किराणा दुकानात नुसतं 'ॲसिड' म्हणून मिळणारी स्वस्त बाटलीही हीच, फक्त पुष्कळदा जास्त तीव्र. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री वापरतात तेही हेच ॲसिड.

या दोन गटांतली कुठलीही एक बाटली दुसऱ्या गटातल्या कुठल्याही बाटलीला भेटता कामा नये.

२. एकत्र आल्यावर नेमकं होतं काय?

ब्लीच बनवतानाच क्लोरीन वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मुरवलेला असतो. कॉस्टिक असेपर्यंत, म्हणजे द्राव क्षारीय असेपर्यंत, तो क्लोरीन आत बांधलेला राहतो. त्यात ॲसिड पडलं की क्षार संपतो, बांधलेली गाठ सुटते आणि क्लोरीन पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. रसायनशास्त्रात ते एका ओळीत लिहितात:

NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂

मागे उरतं मीठ आणि पाणी. Cl₂ हवेत जातो. याला वेळ लागत नाही. द्रव एकमेकांना लागता लागता फसफसतं आणि वास येतो. प्रमाण जास्त असेल तर द्रवावर हिरवट-पिवळी झाक दिसते.

हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर जाऊन उडून जात नाही. भांड्यात, फरशीवर, कोपऱ्यात साचून बसतो. जलशुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीनच्या खोलीत हवा ओढणारे पंखे याच कारणाने जमिनीलगत बसवलेले असतात. आपल्या घरात मात्र एक्झॉस्ट फॅन छताजवळ असतो आणि भारतीय पद्धतीचं भांडं घासणारा माणूस उकिडवा बसून तोंड खाली घालून घासत असतो. वायू साचतो नेमकं तिथेच नाक असतं. घरात लहान मूल रांगत असेल तर त्याचं नाकही त्याच उंचीवर असतं.

श्वासातून आत गेलेला क्लोरीन नाकाच्या, घशाच्या आणि फुप्फुसाच्या ओल्या अस्तरावर पाण्यात मिसळतो आणि तिथे पुन्हा ॲसिड तयार करतो. डोळ्यांची आग, खोकल्याची उबळ आणि छाती आवळल्यासारखी वाटणं यांचं मूळ तेच, कारण अस्तर खरोखर भाजत असतं.

३. आम्ही मिसळतच नाही. आधी ॲसिड टाकतो, घासतो, पाणी ओततो आणि मग ब्लीच टाकतो. मग भीती कसली?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि नोटीस लावताना माझ्या मनात होतं तेही हेच. दोन बाटल्या मुद्दाम बादलीत ओतणारा माणूस क्वचितच सापडतो. अपघात होतो तो एकावर एक वापरल्याने.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बर्लिंग्टन गावातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काय झालं ते बघा. तिथे ॲसिड असलेला एक क्लीनर फरशीवर सांडला होता. ते तेवढ्यावर राहिलं. पुढे दुसरा कर्मचारी रोजच्यासारखी फरशी धुवायला आला आणि त्याने ब्लीच असलेला क्लीनर टाकला. खाली आधीचं ॲसिड आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. फरशीवरचं द्रव हिरवट होऊन फसफसायला लागलं. त्याला त्रास होऊ लागला तसा तो बाहेर पडला. तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने ते द्रव वायपरने बाहेर लोटायचा प्रयत्न केला. त्याचा जीव गेला. आणखी दहाहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या दिवशी कोणीही काहीही 'मिसळलं' नव्हतं. प्रत्येकाने आपापलं नेहमीचं काम केलं होतं.

घरच्या संडासातही हेच घडतं. भांड्याच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा जो वाकडा भाग असतो, ज्याला प्लंबर ट्रॅप म्हणतात, त्यात लिटर-दोन लिटर पाणी कायम साचलेलं असतं. दोन मग पाणी ओतल्याने तिथलं ॲसिड पातळ होतं, पूर्ण जात नाही. भांड्याच्या वरच्या कडेखाली, जिथून फ्लशचं पाणी येतं, तिथे घट्ट क्लीनर चिकटून राहतो. तो चिकटून राहावा म्हणूनच त्याला घट्ट केलेलं असतं. शिवाय ब्रशच्या केसांत आणि ब्रश ठेवायच्या डब्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यातही तो असतो. तो डबा कोणीच धूत नाही.

म्हणून नोटिशीत 'एका दिवशी एकच' असं लिहिलं आहे. दोन्ही वापरायची गरजच असेल तर काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. अगदी थोडंसंच टाकलं तर? झाकणभर किंवा पाव कप?

हिशेब करून बघू. पाव कप म्हणजे साधारण ५० मिली ब्लीच धरा, घरगुती, शंभरात चार भाग हायपोक्लोराइट असलेलं. त्याला पुरेसं ॲसिड भेटलं तर त्यातून साधारण ६५० मिली क्लोरीन वायू तयार होऊ शकतो, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बाटलीहून थोडा जास्त. ऐकायला हे किरकोळ वाटतं.

आता खोली बघा. चाळीतला किंवा जुन्या इमारतीतला संडास चार फूट बाय तीन फूट, उंची सात फूट. त्यात एकूण हवा सुमारे २४०० लिटर. सगळा वायू तिथेच पसरला तर हवेच्या दर दहा लाख भागांत जवळजवळ २७० भाग क्लोरीन होतो. प्रत्यक्षात सगळा सुटत नाही, काही पाण्यात विरघळतो आणि काही फटीतून जातो. म्हणून समजा दहावाच हिस्सा हवेत आला. तरी दहा लाखांत २७ भाग झाले. कारखान्यांसाठी जीवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी दहा लाखांत १० भाग आहे. आणि वर सांगितल्याप्रमाणे हा वायू खोलीभर सारखा पसरत नाही, तळाशी दाट असतो.

झाकणभरात मरण येईल असं मी म्हणत नाही. पण संडास फार लहान असतो आणि आत बसलेल्या माणसाचं तोंड भांड्यावर असतं, त्यामुळे 'थोडंसं' म्हणून जे वाटतं ते थोडं राहत नाही.

५. दोन्ही वापरलं की भांडं जास्त स्वच्छ निघतं असं सगळे म्हणतात. मग डाग कसे काढायचे?

उलट होतं. प्रश्न २ मधलं सूत्र पुन्हा बघा. ॲसिड खर्च झालं, ब्लीच खर्च झालं, मागे राहिलं मीठ आणि पाणी. डाग काढणारं जे होतं ते हवेत गेलं. तीव्र वास आला की 'औषध लागू पडतंय' असं वाटतं, पण तो वास म्हणजे औषध वाया चालल्याचा वास आहे.

त्याऐवजी आधी डाग ओळखा. बोअरचं पाणी असलेल्या घरात भांड्यावर पिवळट-तपकिरी खरखरीत थर बसतो. तो पाण्यातल्या क्षारांचा आणि लोहाचा असतो. त्यावर ॲसिडच चालतं, ब्लीचने तो हलत नाही. याउलट काळपट किंवा गुलाबी बुळबुळीत थर, कोपऱ्यातली बुरशी आणि दुर्गंधी यांवर ब्लीच चालतं. एका डागावर दोन्हींची गरज सहसा पडतच नाही.

तरीही दोन्ही प्रकारचे डाग असतील तर एका आठवड्यात ॲसिडचा क्लीनर आणि पुढच्या आठवड्यात ब्लीच वापरा. मध्ये रोजच्या वापराचं पाणी ट्रॅपमधून कितीतरी वेळा जातं आणि आधीचं सगळं निघून जातं. ब्रश मात्र दोन ठेवा किंवा वापरून झाल्यावर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, आणि ब्रशचा डबाही धुवा. माझ्या घरी ब्लीचचा ब्रश पांढरा आणि ॲसिडचा निळा आहे.

६. वास तर येतोच. वास आला की बाहेर पडू, एवढं पुरेसं नाही का?

वासावर थोडा भरवसा ठेवता येतो, पूर्ण नाही. क्लोरीनचा वास फार कमी प्रमाणातही येतो, ही चांगली बाब. पण नाक थोड्या वेळाने त्या वासाला सरावतं आणि प्रमाण तेच असताना वास कमी झाल्यासारखा वाटतो. आमच्या केंद्रात नवा माणूस दारातच नाक धरायचा, आणि आत तासभर काम करत असलेल्याला काही जाणवत नसायचं. म्हणून वास कमी झाला याचा अर्थ वायू कमी झाला असा धरू नका.

दुसरं म्हणजे ब्लीचला मुळातच वास असतो. घासताना 'हा ब्लीचचाच वास' म्हणून लोक थांबतात. फरक सांगायचा तर साध्या ब्लीचचा वास नाकात येतो, क्लोरीन घशात टोचतो. डोळ्यांत पाणी आलं, घशात खवखव झाली किंवा एकदा जरी खोकला आला तरी हातातला ब्रश तिथेच टाकून बाहेर या.

७. खिडकी उघडी असेल आणि तोंडाला मास्क किंवा ओला रुमाल बांधला असेल तर चालेल का?

नाही. कापडी मास्क, डॉक्टरांचा मास्क आणि एन-९५ हे धूळ किंवा थेंब अडवतात. वायू त्यांतून सरळ आत जातो. ओला रुमाल थोडासा क्लोरीन शोषतो हे खरं, पण बाहेर पळतानाच्या दहा पावलांपुरताच. तो बांधून आत काम करत राहणं म्हणजे खोटा धीर.

खिडकी उघडी ठेवणं चांगलंच, कुठलाही क्लीनर वापरताना ठेवावी. पण जुन्या इमारतींत संडासाची खिडकी बऱ्याचदा डक्टमध्ये उघडते. तिथे वारा नसतो आणि जड वायू डक्टच्या तळाशी उतरतो. तळमजल्यावरच्या घराची खिडकी तिथेच उघडते. मग आपल्या घरातला प्रकार खालच्या घरात पोचतो.

८. चुकून झालंच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

बाहेर या. बाटली उचलू नका, फ्लश ओढायला थांबू नका, पाणी ओतून पातळ करायला जाऊ नका. पाणी आपटलं की द्रव ढवळलं जातं, त्यातला वायू आणखी सुटतो आणि तेवढा वेळ तुम्ही आतच राहता. बर्लिंग्टनमध्ये माणूस गेला तो हेच सावरायला जाऊन. घरच्या माणसाचा पहिला ओढा 'आधी हे साफ करू' असाच असतो, म्हणून हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा.

बाहेर येताना संडासाचं दार मागे लोटून घ्या, म्हणजे वायू घरात कमी पसरेल. मग घरातल्या इतर खिडक्या आणि मुख्य दार उघडा, सगळ्यांना, विशेषतः मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना, घेऊन मोकळ्या हवेत जा. गच्ची किंवा मोकळं अंगण चालेल, तळघरातलं पार्किंग नको, कारण वायू खाली उतरतो. एक्झॉस्ट फॅनचं बटण बाहेर असेल तर लावा, क्लोरीन पेट घेत नाही. बटण आत असेल तर सोडून द्या.

अंगावर किंवा कपड्यांवर द्रव उडालं असेल तर ते कपडे काढा आणि कातडी भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांची आग होत असेल तर नळाचं साधं पाणी डोळा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाहू द्या. काँटॅक्ट लेन्स असतील तर सहज निघत असल्या तरच काढा. दमेकरी माणसाकडे पंप असेल तर तो घ्यायला सांगा.

कोणी आत बेशुद्ध पडलेलं दिसलं तर लगेच १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर फोन करा. त्यांच्याकडे स्वतःची हवा पाठीवर घेऊन आत जायची साधनं असतात. ओढून काढायला एकामागून एक आत गेलेले घरचे लोकही पडतात.

९. दवाखान्यात कधी जायचं? थोड्या वेळाने बरं वाटलं तर?

मोकळ्या हवेत गेल्यावर काही मिनिटांत खोकला थांबला, श्वास नेहमीसारखा झाला आणि दमा नसेल, तर घरी लक्ष ठेवणं पुरतं. मात्र श्वास लागत असेल, छातीत दुखत किंवा आवळत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, खोकला थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, डोळा दुखत असेल, किंवा माणूस दमेकरी, गरोदर, लहान वा वृद्ध असेल, तर वाट न पाहता १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा.

जास्त वायू गेला असेल तर फुप्फुसांत पाणी साठायला काही तास लागू शकतात. संध्याकाळी खोकून बरा झालेला माणूस रात्री दम लागून उठतो, असं होऊ शकतं. म्हणून ज्याला सुरुवातीला जोरात त्रास झाला त्याला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका, आणि जिने चढायची किंवा मेहनतीची कामं करू देऊ नका.

क्लोरीनवर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. रुग्णालयात प्राणवायू, श्वासनलिका मोकळी करणारी औषधं आणि देखरेख हाच उपचार. दूध, गूळ, हळद किंवा ताक फुप्फुसापर्यंत जातच नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना 'बाथरूम साफ करताना त्रास झाला' एवढंच न सांगता कोणती दोन द्रवं एकत्र आली ते सांगा, आणि बाटल्यांचे फोटो सुरक्षित जागेवरून मिळत असतील तर दाखवा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा असाच आहे.

१०. त्रास कोणालाच नाही, पण भांड्यात ते द्रव तसंच आहे. साफ कधी करायचं? त्यात खायचा सोडा टाकू का?

काहीही टाकू नका. सोड्याने पुन्हा फेस येईल आणि उरलेला वायू वर उसळेल. दार बंद आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवून निदान दोन-तीन तास जाऊ द्या. मग ज्याने आधी तो वास घेतलेला नाही अशा माणसाने दारातून अंदाज घ्यावा, कारण आधीच्या माणसाचं नाक सरावलेलं असतं (प्रश्न ६ बघा). वास नसेल तर आत जाऊन फ्लश ओढा, बाहेर या, आणि थोड्या वेळाने पुन्हा ओढा. वास असेल तर थांबा. डक्टच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना मात्र आधीच कळवा.

११. दोन्ही बाटल्यांवर 'टॉयलेट क्लीनर'च लिहिलं आहे. मग एकावर एक वापरलं तर काय बिघडतं?

इथे पुष्कळजण फसतात. संडासाचे सगळे क्लीनर ॲसिडचेच असतात असं नाही, काही ब्लीचवर बनलेले असतात. बाटलीचा आकार तोच, मान वाकडी तीच, रंगही जवळपास तोच. 'जंतू मारतो' हे दोन्हींवर लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूची जाहिरात सोडा आणि मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले घटक वाचा. 'हायड्रोक्लोरिक', 'सल्फॅमिक', 'फॉस्फोरिक' किंवा 'सायट्रिक' असेल तर ती ॲसिडची बाटली. 'हायपोक्लोराइट' असेल तर ब्लीचची.

जपानमध्ये १९८६ साली तोकुशिमा प्रांतात एका गृहिणीचा अशाच दोन क्लीनरमुळे मृत्यू झाला. त्यानंतर तिथे अशा बाटल्यांवर समोरच ठळक अक्षरांत 'माझेरु ना, किकेन' म्हणजे 'मिसळू नका, धोका' असं छापायची पद्धत पडली. आपल्याकडे इशारा सापडतो तो बऱ्याचदा मागच्या बारीक मजकुरात. तोवर मार्करने बाटलीच्या पोटावर स्वतःच मोठ्ठं 'ॲ' किंवा 'ब्ली' लिहा. मी तेच करतो.

लेबलच नसलेली, पाण्याच्या बाटलीत भरून मिळालेली वस्तू घरात ठेवू नका. तहानेने कोणी तोंडाला लावण्याचा धोका तर आहेच, पण तिच्यात काय आहे हे अपघातानंतर डॉक्टरलाही कळत नाही.

१२. ॲसिड नको म्हणून आम्ही लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड वापरतो. ते ब्लीचबरोबर चालेल ना?

तेही नाही. बाजारच्या ब्लीचमध्ये हायपोक्लोराइटबरोबर मीठही विरघळलेलं असतं, ते बनवतानाच तयार होतं. त्यामुळे क्लोरीन सुटायला हायड्रोक्लोरिक ॲसिडच पाहिजे असं नसतं, द्राव आंबट झाला की पुरे. व्हिनेगरने तो हळू सुटतो एवढाच फरक. गिझर किंवा किटलीतला क्षार काढायच्या पुडीतही ॲसिडच असतं, तीही याच यादीत धरा.

१३. फ्लशच्या टाकीत टाकायची गोळी आहे आमच्याकडे. वर ॲसिडचा क्लीनर टाकला तर?

आधी गोळीचं वेष्टन वाचा. काही गोळ्या नुसता रंग आणि सुगंध सोडतात. काही गोळ्या क्लोरीन सोडणाऱ्या असतात आणि त्यांमुळे प्रत्येक फ्लशबरोबर भांड्यात थोडं ब्लीच येतं. अशा संडासात ॲसिड टाकून फ्लश ओढला की तुम्ही ब्लीचची बाटली हातातही न घेता दोन्ही एकत्र आणलेली असतात. भांड्याच्या कडेला अडकवायच्या वड्यांचंही तेच. घटकांत 'क्लोरो' किंवा 'क्लोरीन' दिसलं तर ॲसिड वापरायच्या दोन-तीन दिवस आधी ती वडी काढा आणि टाकी रिकामी होईपर्यंत अनेकदा फ्लश करा. वेष्टन फेकून दिलं असेल तर ती क्लोरीनची आहे असंच धरा.

१४. टीसीएल पावडर टाकून पाण्याची टाकी धुतली. त्याच पाण्याने ॲसिड टाकलेलं भांडं धुतलं तर वायू होईल का?

पिण्यापुरत्या क्लोरीनच्या पाण्याने काही होत नाही. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन इतकं विरळ असतं की घाबरायचं कारण नाही. पण टाकी धुताना कालवलेलं पांढरं दाट पाणी, किंवा बादलीच्या तळाशी उरलेला पावडरीचा गाळ संडासात ओतायची सवय असते, ती सोडा. कोरडी पावडर ॲसिडवर पडली तर पातळ ब्लीचपेक्षा वायू जास्त आणि झटकन सुटतो, कारण तिच्यात क्लोरीन दाटीवाटीने भरलेला असतो. पावडरीचा डबा आणि ॲसिडची बाटली एका कपाटात ठेवू नका. ॲसिडची वाफ झाकणातून झिरपते आणि ओलावा मिळाला की कपाटातच वास सुटतो. ॲसिड खालच्या कप्प्यात एकटं, आणि पावडर वेगळ्या, कोरड्या जागी.

१५. ॲसिड घरात नाहीच, पण मुतारीत नुसतं ब्लीच टाकलं तरी नाकाला झोंबतं. ते का?

लघवीत युरिया असतो आणि तो शिळा झाला की अमोनिया सुटतो. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. त्यांनीही डोळे आणि घसा झोंबतो. घरच्या भांड्यात हे प्रमाण बहुधा थोडं असतं. सार्वजनिक मुतारीत, किंवा पाळलेल्या मांजराच्या पेटीजवळ, ते जास्त होऊ शकतं. तिथे आधी भरपूर पाणी ओतून धुवा, पाणी निघून जाऊ द्या आणि मगच ब्लीच टाका. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर ब्लीच नको, हे त्याच कारणाने.

१६. संडास आम्ही नाही, कामाला येणाऱ्या मावशी साफ करतात. त्यांना कसं समजवायचं?

त्यांना दोन बाटल्या देऊन 'हे एकत्र नको' असं सांगू नका. एक वेळी हाताशी एकच बाटली ठेवा आणि दुसरी कपाटात आपल्याकडे ठेवा. मावशी एका सकाळी चार-पाच घरं करतात. प्रत्येक घरची बाटली वेगळी, लेबल इंग्रजीत, आणि घाई. वर्षभर 'जरा चकाचक करा' असं आपणच म्हणत असतो, आणि त्या हाताला लागेल ते सगळं टाकतात. कुठल्या डागाला काय लागतं हे प्रश्न ५ मधून त्यांना दाखवून द्या, तोंडी आणि भांड्यापाशी उभं राहून.

आधीच्या घरी त्यांनी काय वापरलं तेही विचारा, कारण बऱ्याच मावशी आपला ब्रश आणि फडकं बरोबर घेऊन फिरतात. ॲसिडचा ओला ब्रश आपल्या ब्लीचच्या बादलीत बुडला तर प्रश्न ३ मधलाच प्रकार होतो. ब्रश आपल्या घरचा द्या. आणि त्यांना खोकला येतोय असं ऐकू आलं तर 'झालं का?' असं न विचारता त्यांना आधी बाहेर बोलवा.